दरसाल शंभरात पंच्याऐंशी

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी लिहिलेलं एक वाक्य मल्हार सरांनी लाल पेनानं गोल केलं होतं. वाक्य साधं होतं: ‘हा प्रकल्प टिकण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे.’ गोलाच्या बाजूला त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘कधीपर्यंत?’

मी मराठीत एम.ए. करून धाराशिवच्या त्या ऑफिसात लागले होते. गावोगावच्या गटांचे लहान प्रकल्प तपासायचे, योग्य वाटले तर त्यांना सुरुवातीचं भांडवल द्यायचं, असं त्या संस्थेचं काम. सर आकडे काढत आणि मी ते गावातल्या माणसाला कळेल अशा मराठीत उतरवत असे. आकडा मला तेव्हा शोभेच्या वस्तूसारखा वाटायचा, वाक्यात कुठंही ठेवला तरी चालेल असा.

“शिवरंजनी, हे ऐंशी एका वर्षाचे आहेत,” ते म्हणाले. “दरसाल लिही. तो शब्द गळाला की आकडा खोटा होतो.”

मग त्यांनी कागद ओढला. मल्हार सर धनगराचे. तामलवाडीच्या शिवारात मेंढरांच्या वाड्याशेजारी त्यांचं बालपण गेलं, आश्रमशाळेत शिक्षण, सोलापूरला संख्याशास्त्राची पदवी. वडील धुळाप्पा संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना विसाविसानं मोजायचे आणि कधी चुकायचे नाहीत, हे सर अभिमानानं सांगत. त्यामुळे त्यांची उदाहरणंही तिथलीच असायची.

“समज, शंभर मेंढरं निघाली. पहिल्या साली ऐंशी उरली. दुसऱ्या साली किती?”

“साठ,” मी म्हणाले.

“वीस शंभरातली गेली होती. आता कळपच ऐंशीचा आहे. ऐंशीतली वीस टक्के जाणार. चौसष्ट उरतील. तिसऱ्या साली एक्कावन्न. वजा करायचं नाही, गुणत जायचं.”

आमच्याकडच्या बऱ्याच प्रकल्पांचा जीव सरकारच्या एखाद्या धोरणावर अवलंबून असे, किंवा मोठा कारखानदार त्या धंद्यात कधी उतरतो यावर. म्हणून सर दोन्ही धोके वेगळे काढत. मागच्या योजनांची यादी त्यांनी स्वतः जमवली होती. प्रत्येक योजना किती वर्षं चालली ते लिहायचं, सगळी वर्षं मिळवायची, त्यांत किती योजना बंद पडल्या ते बघायचं. सत्तर वर्षं भरली होती आणि सात बंद पडल्या होत्या. म्हणजे दरसाल शंभरात दहा. तसंच स्पर्धेचं: साठ वर्षांत तीन, म्हणजे दरसाल पाच. दोन्हींतून वाचायचं तर नव्वद टक्के गुणिले पंच्याण्णव टक्के. दरसाल साडेपंच्याऐंशी.

हा साडेपंच्याऐंशीचा आकडा त्यांच्या बहिणीच्या प्रकल्पाचा होता.

दैवशाला त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, एकेचाळीसची. लग्न होऊन दीड वर्षात माहेरी परत आली आणि का आली तो विषय घरात कुणी काढत नसे. तिनं शिवणकामाचा कोर्स केला, गावातल्या पोरींना शिकवलं. तिच्या डोक्यात लोकरीचं वेड होतं. आमच्याकडची काळी लोकर आता कुणी घेत नाही. कातरणीनंतर बांधावर टाकून देतात. गावात चार माग शिल्लक होते, त्यांतला एक धुळाप्पांचा. दैवशालानं अकरा बायका गोळा केल्या. कुणी लोकर पिंजायची, कुणी सूत काढायचं, म्हातारे मागावर बसायचे आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची. त्या वर्षी सरकारी वसतिगृहांत हातमागावरचंच लोकरीचं पांघरूण घ्यायचं, असं धोरण आलं होतं. ऑर्डर दर वर्षी नवी निघणार होती.

सरांनी नियमाप्रमाणे साहेबांना सांगितलं, की प्रकल्प माझ्या बहिणीचा आहे, दुसऱ्या कुणाला तपासायला द्या. ऑफिसचे प्रमुख शिवकुमार साहेब हसले. “दुसरा आहे कोण आपल्याकडं? करा तुम्हीच, मी पुन्हा तपासून बघतो.”

सरांनी तक्ता केला. आमच्या फॉर्मवर पाच वर्षांच्या पाच ओळी असतात. पहिल्या सालाअखेर चालू असण्याची शक्यता साडेपंच्याऐंशी, दुसऱ्या त्र्याहत्तर, तिसऱ्या बासष्ट, चौथ्या त्रेपन्न, पाचव्या सेहेचाळीस. मग प्रत्येक सालच्या अपेक्षित उत्पन्नाला त्या सालच्या शक्यतेनं गुणून बेरीज केली. ती घातलेल्या भांडवलापेक्षा बऱ्यापैकी जास्त भरली. साहेबांनी तपासलं, एकही चूक निघाली नाही. प्रकल्प मंजूर झाला. आजही तो तक्ता काढून बघितला तर मंजूर करण्यासारखाच आहे.

मंजुरीनंतरच्या रविवारी गटाची माहिती लिहून घ्यायला मी सरांबरोबर तामलवाडीला गेले. लिंबाखाली खाट टाकली होती. धुळाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. दैवशालानं चहा आणला आणि ट्रे खाली ठेवता ठेवता भावाला टोमणा मारला.

“साहेब आले बघा आबा. मागं लिहिणाऱ्या मॅडम. आता आपल्याला चहा प्यायला बी सही करावी लागंल.”

“तुझं तोंड आधी मंजूर करून घ्यायला पाहिजे होतं,” सर म्हणाले.

“ते लई साल टिकंल, दादा. त्याला कुठल्या धोरणाचं भ्या न्हाय.”

धुळाप्पा खड्ड्यातून हसले. मग दैवशाला आत गेली आणि एक लांबट पाकीट घेऊन आली. परंड्याच्या आयटीआयत शिवण शिकवायच्या कायम जागेवर तिची निवड झाली होती. महिन्याच्या आत हजर व्हायचं होतं. पुढच्या भरतीला तिचं वय उलटणार होतं, ही शेवटची संधी. हे सरांना आधी फोनवर कळलेलं होतं.

“दादा, परंड्याला जाऊ का हितं थांबू?”

ती नसती तर गट उभाच राहिला नसता, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

“बायका म्हणत्यात तू गेलीस तर आमी बी न्हाय,” ती म्हणाली. “पण मला तुझं ऐकायचंय. तू आकडं काढलंस ना? चालंल का हे?”

“पंच्याऐंशी टक्के,” सर म्हणाले.

“शंभरात पंच्याऐंशी?”

“हां.”

“अगं बया! मला बारावीला बी इतकं न्हवतं पडलं.” ती खळखळून हसली. “आबा, ऐकलं का? पंच्याऐंशी!”

“मग जातीस कशाला,” धुळाप्पा म्हणाले आणि त्यांनी सुतातून धोटा टाकला.

मी खाटेच्या कडेला चहा पीत होते. तो एक शब्द गळालेला मी ऐकला. मला वाटलं, घरातलं बोलणं आहे, सर पुढं सांगतील. दुसरंही मनात आलं, की त्यांना सांगायचं नसेल. यातलं कुठलं खरं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. ते स्वतःला तरी विचारत असतील का, कोण जाणे. त्यांना बहीण आपल्या गावात, आपल्या वडिलांच्या मागाशेजारी हवी होती. आणि आकडा तर खरा होता.

ती परंड्याला गेली नाही.

पुढची दोन वर्षं चांगली गेली हे सांगायला पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. शेडला तिनं आतून चुना दिला. बायकांच्या हजेरीचा फळा टांगला. नागूबाई नावाची साठीची बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची सही करू लागली आणि मग कशावरही करू लागली, पिठाच्या डब्यावरसुद्धा. पहिल्या थंडीत तुळजापूरच्या एका वसतिगृहातून पोरींचं पत्र आलं: घोंगडं टोचतं, पण ऊब येते. दैवशालानं ते शेडच्या दाराला चिकटवलं आणि ‘टोचतं’ या शब्दाखाली रेघ मारली. दुसऱ्या वर्षी तिनं आतून सुती अस्तर लावलं.

सर दर महिन्याला जायचे. परत आले की दोन दिवस ऑफिसात कुणावर चिडायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी ऑर्डरच्या आधी नवं परिपत्रक आलं. जुन्यात ‘हातमागावरील लोकरीचे पांघरूण’ असे शब्द होते. नव्यात ‘लोकरीचे अथवा तत्सम उबदार पांघरूण’. तत्सम हा शब्द मी व्याकरणात शिकले होते, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. परिपत्रकात त्याचा अर्थ यंत्रावरचं, धाग्यात लोकर नसलेलं, एक तृतीयांश किमतीचं असा होता. महिनाभरात अशी पांघरुणं ट्रकनं आली. रंगीत होती, मऊ होती, टोचत नव्हती.

मल्हार सरांनी दोन धोके वेगळे धरून गुणले होते, जणू त्यांची एकमेकांशी ओळखच नाही. प्रत्यक्षात एकानं दार उघडलं आणि दुसरा आत आला. ऑफिसच्या बैठकीत त्यांनी हे स्वतः सांगितलं. पुढच्या तक्त्यांत असे धोके जोडून धरावेत, असं टिपणही लिहून दिलं. शिवकुमार साहेब म्हणाले, “मल्हारराव, मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडं तीस-बत्तीस प्रकल्प आहेत. काही थांबणारच, बाकीचे भरून काढतात. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला.”

साहेबांचं बरोबर होतं. संस्थेकडं कळप होता. दैवशालाकडं एकच जनावर होतं, आणि ते एक तर जगतं नाहीतर मरतं. सेहेचाळीस टक्के जगत नाही.

त्या बैठकीनंतर सर जागेवर आले आणि त्यांनी जुना तक्ता उघडला. मी समोरच होते. पाचव्या ओळीखाली त्यांनी सहावी ओळ घातली, मग सातवी. दहाव्या ओळीला एकवीस आले. ते थांबले नाहीत. मला आधी कळेना की त्यांना कुठवर जायचंय. सतराव्या ओळीवर ते थांबले. एकेचाळीस अधिक सतरा, अठ्ठावन्न. परंड्याच्या नोकरीतून ती निवृत्त झाली असती ते वय. त्या ओळीत आकडा होता सात.

“शंभरात सात,” ते म्हणाले. “तिनं मला हा विचारला होता.”

पुढच्या रविवारी त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. का, ते सांगितलं नाही. बहुधा एकट्यानं जाणं होईना. शेडला कुलूप होतं. दैवशाला घराच्या ओट्यावर बसून उरलेल्या लोकरीची पोती शिवत होती. धुळाप्पा आत झोपले होते, त्यांना हल्ली दुपारी झोप लागायची. सरांनी कागद तिच्यापुढं ठेवला, सतरा ओळींचा, हातानं लिहिलेला.

“हे काय?”

“त्या दिवशी जे सांगायला पाहिजे होतं ते.”

त्यांनी सगळं सांगितलं. पंच्याऐंशी एका सालाचे होते. दर साली गुणत जायचं. पाच सालांनी निम्म्याच्याही खाली. सुई हातात धरून ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “मंजी दुसऱ्या साली पंच्याऐंशीतली पंधरा जायाची, शंभरातली न्हाय?”

“व्हय. पंच्याऐंशीतली शंभराला पंधराच्या हिशेबानं.”

“मंजी बारा-तेरा.”

“व्हय.”

“हे तर सोपं हाय, दादा.”

तिनं पुन्हा पोतं शिवायला घेतलं.

“मला वाटलं लई अवघड आसंल, म्हणून सांगितलं नसशील.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी मेंढरं राखलीत. आगुटीच्या पावसात पिलं मरायची तवा कोण मोजायचं? मीच. तू शाळंत होतास. मला कळलं असतं.”

“कळलं असतं तर गेली असतीस.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि तिनं सुई पोत्यात खोचली. ते तिला सांगत होते की स्वतःला, हे मला कळलं नाही. दैवशालानं मान वर करून भावाकडं पाहिलं. रागानं नाही. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडं ओळख पटवायला बघतात तसं.

“कदाचित नसते बी गेले,” ती म्हणाली. “त्या अकरा जणींसाठी ऱ्हायले असते. पण ते माझं मी ठरिवलं असतं.”

“दैवा...”

“चहा टाकते. मॅडम, साखर कमी ना तुमाला?”

तिनं कागदाची घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिली. चहा झाला. तिनं गावातल्या दोन लग्नांच्या गोष्टी सांगितल्या, नागूबाईची नक्कल केली. निघताना सरांच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरल्या. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, “रागावली असती तर बरं झालं असतं.”

आता ती रोज सकाळी एसटीनं सोलापूरला जाते. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बसते, नगावर मजुरी. संध्याकाळी परत. परंड्याच्या जागेवर दुसरं कुणी लागलं. मागावर धुळाप्पा अधूनमधून बसतात, सूत नसलं तरी. सर पूर्वीसारखे महिन्याला जातात, ती पूर्वीसारखं वाढते, टोमणेही मारते. फक्त काही विचारत नाही. आधी ती त्यांना सगळं विचारायची: शेडला पत्रा कुठला घालू, आबांना कोणत्या डॉक्टरकडं नेऊ, फोन कोणता घेऊ. सरांनी हे मला सांगितलं नाही. त्यांचा फोन पूर्वी दिवसातून दोनदा तरी वाजायचा आणि ते “बोल दैवा” म्हणायचे, ते बंद झालं, एवढं माझ्या लक्षात आलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी माझा फोन वाजला. तीच होती.

“मॅडम, कामात हाव का? एक आकडा पायजे.”

कारखान्याच्या मालकानं तिला एका रांगेची मुकादम व्हायला सांगितलं होतं. पगार ठरलेला, पण मशीन सोडावी लागणार. नगावरची तिची जागा दुसऱ्या बाईला जाणार. रांग चालायची ती एका मोठ्या शाळासंस्थेच्या ऑर्डरवर, आणि ती ऑर्डर वर्षाला नवी निघायची.

“मागं किती वर्षं हाय ही ऑर्डर, ते इचारलं मी,” ती म्हणाली. “आठ वर्षांत दोनदा तुटली. आता तीन सालं टिकायची किती?”

सर माझ्या समोरच्याच टेबलावर होते. मी म्हणाले, “सरांना देऊ का फोन? इथंच आहेत.”

पलीकडून शिवणयंत्रांची घरघर येत होती.

“नगं,” ती म्हणाली. “त्याला म्हणावं जेवायला ये. आकडा तुमी सांगा.”

“जेवायला बोलावलंय, सांगते त्यांना,” मी म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. आठात दोन, म्हणजे दरसाल शंभरात पंचवीस तुटायचा धोका. टिकायचे पंचाहत्तर. पंचाहत्तर टक्के तीनदा गुणले. मग तिला सांगितलं की आठ वर्षं म्हणजे अंदाज बांधायला फार थोडी, यावर विसंबू नका. पण असंच चाललं तर तीन सालं सलग टिकायची शक्यता शंभरात बेचाळीस.

“मंजी न टिकायचीच जास्त.”

“हो.”

“आन ही तीन सालांची मिळून, ना? एका सालाची न्हाय?”

“तिन्ही मिळून.”

“बरं. मग मशीन सोडत न्हाय.” तिनं फोन ठेवला.

मी फोन खाली ठेवला तेव्हा सरांनी फाइलमधून मान वर केली नव्हती. त्यांनी माझं बोलणं सगळं ऐकलं होतं. आमची खोली तेवढीच आहे. मी कागद त्यांच्याकडं सरकवला, रोज तपासायला सरकवते तसा. त्यांनी आकडे वरून खाली पाहिले. कुठं गोल करण्यासारखं काही नव्हतं.

“बरोबर सांगितलंस,” ते म्हणाले.

मग चष्मा काढून त्यांनी काच शर्टाच्या टोकाला पुसली, बराच वेळ.

“जेवायला बोलावलंय म्हणाली?”

“हो, सर.”

“कधी?”

दिवस तिनं सांगितला नव्हता.